मागच्या खोलीतल्या टीव्हीपर्यंत इंटरनेट: भिंतीतून न्यायचं की विजेच्या वायरीतून?

साताऱ्यात मंगळवार पेठेत माझ्या मामांचं जुनं घर आहे. रस्त्याच्या कडेला पुढची खोली, मग उघडा चौक, चौकाच्या पलीकडे माजघर आणि माजघराच्या मागे आणखी एक खोली. फायबरची वायर रस्त्यावरच्या खांबावरून येते, म्हणून राउटर पुढच्या खोलीत बसला. आजीचा पलंग मागच्या खोलीत, म्हणून टीव्ही तिथं. दोन्हींमधलं अंतर सतरा-अठरा मीटर भरतं. पण मध्ये ज्या भिंती आहेत त्या काळ्या दगडाच्या आणि दोन-दोन फूट जाड.

तक्रार अशी होती की क्रिकेटची मॅच दर चार-पाच मिनिटांनी अडकते. चित्र थांबतं, मधोमध चक्र फिरतं आणि तोवर शेजारच्या घरातून विकेट पडल्याचा ओरडा ऐकू येतो. मामांनी इंटरनेटवाल्यांना बोलावलं. त्यांचा माणूस आला, राउटरशेजारी उभा राहून मोबाइलवर स्पीड दाखवून गेला, ९४ एमबीपीएस. शंभरचा प्लॅन होता, त्यामुळे त्याचं म्हणणं बरोबरच होतं. इंटरनेट घरात पोचत होतं, फक्त मागच्या खोलीत पोचत नव्हतं.

हे काम मी अंगावर घेतलं आणि तीन रविवार त्यात गेले. विजेच्या वायरीतून इंटरनेट नेणारे पॉवरलाइन अडॅप्टर आणि वाय-फाय पुढे पोचवणारा मेश नोड ही दोन्ही साधनं त्याच घरात लावून पाहिली. कुठलं साधन कुठल्या घरात चालतं आणि का, हे मला त्यातून नीट कळलं, म्हणून सविस्तर लिहितो.

टीव्हीला लागतं तरी किती?

लोकांना वाटतं तेवढं लागत नाही. नेटफ्लिक्सची शिफारस फुल एचडीसाठी ५ एमबीपीएस आणि फोर-केसाठी १५ एमबीपीएस अशी आहे. म्हणजे टीव्हीपर्यंत पंचवीस-तीस कायम पोचत असेल तर एका टीव्हीला पुरून उरतं. बहुतेक स्मार्ट टीव्हींच्या मागे लॅन केबलची जी जागा असते तीसुद्धा शंभर एमबीपीएसपर्यंतच चालते. तेव्हा टीव्हीसाठी हजार-बाराशेचे आकडे बघून खरेदी करायचं कारण नाही.

अडचण ‘कायम’ या शब्दात आहे. टीव्हीवरचा व्हिडिओ तुकड्यातुकड्यांनी येतो. टीव्ही पुढचे काही तुकडे आधीच आणून साठवून ठेवतो आणि त्या साठ्यातून दाखवत राहतो. घरावरच्या पाण्याच्या टाकीसारखंच आहे हे. नळाला पाणी थोडा वेळ नसलं तरी टाकी भरलेली असेपर्यंत घरात कुणाला कळत नाही. सिनेमा बघताना ही टाकी मोठी ठेवता येते, कारण पुढचा सिनेमा तयारच असतो. मॅच मात्र आत्ता घडते आहे, पुढचं षटक अजून टाकलेलंच नाही, त्यामुळे साठा जेमतेम काही सेकंदांचा. म्हणून तोच टीव्ही, तेच इंटरनेट, पण मालिका सुरळीत दिसते आणि मॅच अडकते. आजीच्या टीव्हीवर मी मोजलं तेव्हा स्पीड ३ ते ९ एमबीपीएसमध्ये हेलकावत होता आणि अधूनमधून चार-पाच सेकंद काहीच येत नव्हतं. सरासरी काढली तर फुल एचडीला पुरेसा आकडा निघाला असता. पण त्या चार-पाच सेकंदांत टाकी कोरडी पडत होती.

भिंत नेमकं काय करते

मोबाइलवर वाय-फायची ताकद दाखवणारी फुकट ॲप मिळतात. त्यात आकडा उणे येतो, डीबीएममध्ये. शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल जोरदार, आणि दर ३ ने घसरला की ताकद निम्मी होते. पुढच्या खोलीत राउटरजवळ उणे ४० होता. माजघराच्या दारात तो उणे ६८ वर आला आणि टीव्हीपाशी उणे ७९. उणे ६५-६७ पर्यंत व्हिडिओ निर्धास्त चालतो. उणे ७५ च्या पुढे तुटातुटी सुरू होते. मागच्या खोलीत म्हणजे माजघराच्या दाराच्याही दहावा भागसुद्धा ताकद उरलेली नव्हती.

राउटर दोन पट्ट्यांवर बोलतो. पाच गिगाहर्ट्झची पट्टी वेगवान, पण जाड भिंतीत लवकर दमते. २.४ गिगाहर्ट्झची पट्टी भिंतीतून थोडी जास्त पार जाते, पण पेठेत घराला घर लागून असल्यामुळे त्याच पट्टीवर शेजारपाजारच्या डझनभर राउटरांची गर्दी असते. शिवाय टीव्हीचा अँटेना पाठीमागच्या बाजूला असतो, म्हणजे टीव्ही भिंतीवर लावला की अँटेना पडदा आणि भिंत यांच्यामध्ये सापडतो. त्याच जागी मोबाइल चालतो आणि टीव्ही अडकतो, असं अनेक घरांत दिसतं ते यामुळे.

पहिला प्रश्न नेहमी हाच विचारावा: साधी लॅन केबल नेता येईल का? कॅट-६ केबल शंभर मीटरपर्यंत चालते, स्वस्त असते आणि एकदा लागली की वर्षानुवर्षं तिच्याकडे बघावं लागत नाही. केबलला वाट असेल तर पुढचं काहीही विकत घेऊ नका, हे माझं स्पष्ट मत आहे. मामांच्या घरात वाट नव्हती. दोन फुटी दगडी भिंतीला भोक पाडायला ते तयार नव्हते, आणि ते मला पटलं. कौलांवरून न्यायची तर माकडं. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याच्या घरांना हा त्रास नवा नाही. मामांच्या डिश अँटेनाची वायर माकडांनी दोनदा ओढून तोडली आहे.

विजेची वायर इंटरनेट कसं नेते

मग पॉवरलाइन अडॅप्टर आणले. हे जोडीनं मिळतात. एक राउटरजवळच्या सॉकेटमध्ये लावून राउटरला छोट्या केबलनं जोडायचा, दुसरा टीव्हीजवळच्या सॉकेटमध्ये लावून टीव्हीला जोडायचा. मधला प्रवास घरातली विजेचीच वायर करते.

आपल्या घरातली वीज सेकंदाला ५० वेळा मागेपुढे होते. अडॅप्टर त्याच तांब्याच्या तारेवर दुसरी एक फार वेगवान थरथर चढवतो, सेकंदाला वीस लाखांपासून नव्या प्रकारात साडेआठ कोटींपर्यंत. वीज आपल्या चालीनं चालत राहते, ही थरथर तिच्यावर स्वार होऊन जाते आणि पलीकडचा अडॅप्टर ती वेगळी काढून परत इंटरनेट बनवतो. पंख्याला किंवा बल्बला त्याचा पत्ताही लागत नाही. या पद्धतीचं प्रचलित नाव होमप्लग एव्ही, आणि तिची पुढची आवृत्ती एव्ही-२.

इथं दोन गोष्टी लक्षात घ्याव्या लागतात. पहिली म्हणजे खोक्यावरचा आकडा. ६००, १०००, १२०० असं जे छापलेलं असतं ती तारेवरच्या थरथरीची आदर्श परिस्थितीतली मोजणी असते. हातात त्याचा तिसरा हिस्सा आला तरी उत्तम म्हणायचं, जुन्या घरात दहावा हिस्साही येऊ शकतो. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. या सिग्नलला भिंतीची पर्वा नाही, त्याला पर्वा आहे ती तार कुठून कुठे गेली आहे याची. भिंतीच्या अलीकडचं आणि पलीकडचं सॉकेट एकमेकांपासून हातभर असेल, पण त्यांच्या तारा मेन बोर्डापर्यंत जाऊन परत येत असतील, तर सिग्नललाही तेवढी चाल पडते. म्हणून घराचा नकाशा सोडून वायरिंगचा नकाशा डोळ्यासमोर आणावा लागतो.

पहिल्या रविवारी मी एक साधी चूक केली. राउटरजवळ एकच सॉकेट होतं, म्हणून अडॅप्टर एक्स्टेंशन बोर्डात लावला. दोन्ही अडॅप्टर एकमेकांना सापडलेच नाहीत. त्या बोर्डात विजेचा झटका अडवणारं सर्किट होतं, आणि असं सर्किट वेगवान थरथर गाळून टाकतं. अडॅप्टरच्या दृष्टीनं तो बोर्ड म्हणजे बंद दार. अडॅप्टर थेट भिंतीतल्या सॉकेटमध्ये लावायचा आणि एक्स्टेंशन लागलंच तर राउटर त्यावर ठेवायचा. काही अडॅप्टरना समोरून सॉकेट दिलेलं असतं, ते घेतले तर भिंतीतली जागा वाया जात नाही.

भिंतीत लावल्यावर दिवे लागले, जोडणी झाली, आणि टीव्हीपाशी स्पीड आला ११ एमबीपीएस. एवढ्या पैशांत ११? मामा काही बोलले नाहीत, पण त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती मला कळली.

अडचण इन्व्हर्टरच्या लायनीत होती

पुढच्या रविवारी मी वायरमनला बोलावलं. त्यांनी या घराचं वायरिंग वीस वर्षांपूर्वी स्वतः केलं होतं. मी अडॅप्टर दाखवला, तो काय करतो ते सांगितलं. ते दोन मिनिटं बोर्डाकडे बघत राहिले आणि म्हणाले, “पुढचं सॉकेट डायरेक्ट लायनीवर आहे. मागची खोली सगळी इन्व्हर्टरवर घेतलेली आहे. आजींना पंखा लागतो म्हणून तेव्हाच घेतली होती.”

आपल्याकडच्या घरांत पॉवरलाइन का फसतं याचं मला सापडलेलं सगळ्यांत मोठं कारण हेच. इन्व्हर्टर लावताना वायरमन ठरावीक दिवे, पंखे आणि सॉकेटं यांची फेज वेगळी काढून इन्व्हर्टरमधून नेतो. लाइट असताना इन्व्हर्टर ती वीज आरपार जाऊ देतो, त्यामुळे आपल्याला सगळं घर एकाच लायनीवर असल्यासारखं वाटतं. पण इन्व्हर्टरच्या आत विजेतली खरखर गाळणारे कपॅसिटर असतात, आणि अडॅप्टरचा सिग्नल त्यांना खरखरीसारखाच दिसतो. तो तिथं जिरतो. जो थोडाफार पोचतो तो शेजारून धावणाऱ्या तारांमधून आडवाटेनं उडी मारून पोचलेला असतो. माझे ११ एमबीपीएस असेच आडवाटेनं आलेले होते.

आपल्या घरात हे ओळखणं सोपं आहे, त्याला कुठलंही बोर्ड उघडायला लागत नाही. मेन स्विच बंद करा आणि दोन्ही सॉकेटांत मोबाइलचा चार्जर लावून बघा. दोन्हीकडे चार्जिंग चालू राहिलं तर दोन्ही इन्व्हर्टरवर आहेत. दोन्हीकडे बंद पडलं तर दोन्ही डायरेक्ट आहेत. एकीकडे चालू आणि एकीकडे बंद असेल तर ती जोडी पॉवरलाइनसाठी चुकीची.

घराला थ्री फेज मीटर असेल तर असाच घोळ वेगळ्या कारणानं होतो, कारण दोन सॉकेटं दोन वेगळ्या फेजवर असू शकतात आणि फेज ओलांडताना सिग्नल खूप घटतो. कुठलं सॉकेट कुठल्या फेजवर आहे हे वायरमनकडूनच तपासून घ्या. दोन फेजमध्ये ४०० व्होल्टच्या वर दाब असतो, तिथं स्वतः मीटर लावायला जाऊ नका. आणि वरच्या मजल्याला भाडेकरूंसाठी वेगळा मीटर असेल तर पॉवरलाइनचा विचार सोडूनच द्यावा.

आम्ही राउटर आणि त्याचा अडॅप्टर दोन्ही इन्व्हर्टरच्या लायनीवर घेतले. राउटर तिथं असायलाच हवा होता, नाहीतर लाइट गेल्यावर इंटरनेट जाणारच. त्यासाठी वायरमनना पुढच्या खोलीतल्या दिव्याच्या पॉइंटवरून एक सॉकेट काढावं लागलं. स्पीड ११ वरून ४८ वर गेला.

४८ म्हणजे काम झालं असं वाटलं. पण मघाशी म्हटलं तसं, मॅचसाठी सरासरी बघून भागत नाही. मग लॅपटॉप मागच्या खोलीत नेला, टीव्हीची केबल काढून त्याला लावली आणि राउटरला सलग दोनशे हाका मारल्या. विंडोजच्या लॅपटॉपवर ही आज्ञा द्यायची, शेवटचा आकडा म्हणजे आपल्या राउटरचा पत्ता. तो राउटरच्या मागच्या चिकटपट्टीवर बहुधा लिहिलेला असतो:

```
ping -n 200 192.168.1.1
```

प्रत्येक हाकेला उत्तर यायला किती मिलिसेकंद लागले ते दिसतं आणि शेवटी किती हाका हरवल्या ते कळतं. इथं इंटरनेट कंपनीचा संबंध येत नाही, फक्त घरातला रस्ता मोजला जातो, म्हणून स्पीड टेस्टपेक्षा ही चाचणी मला जास्त विश्वासाची वाटते. घरातला रस्ता चांगला असेल तर उत्तर दहा मिलिसेकंदांच्या आत येत राहतं आणि हरवलेल्या हाका शून्य असतात.

दुपारी उत्तरं ४ ते ६ मिलिसेकंदांत येत होती. संध्याकाळी मामींनी स्वयंपाकघरात मिक्सर लावला आणि आकडे दोनशे-तीनशेच्या घरात गेले, काही हाका हरवल्या. मिक्सर थांबला की परत ५. मग एकेक वस्तू चालू-बंद करून पाहिली. पंख्याचा काही त्रास नव्हता. टीव्हीच्याच बोर्डात लावलेला एक स्वस्त मोबाइल चार्जर मात्र मिक्सरइतकाच त्रासदायक निघाला, आणि तो दिवसभर लावलेला असायचा. असे चार्जर, एलईडी बल्बांतली सर्किटं, मिक्सरची मोटर ही सगळी तारेवर आपापली खरखर सोडतात आणि अडॅप्टरचं बोलणं त्यात बुडतं. वस्तू अडॅप्टरच्या जितकी जवळ तितका त्रास जास्त. चार्जर हलवता येतो, मिक्सर कसा हलवणार?

शेवटी मेन स्विच बंद करून पाहिला. इन्व्हर्टर बॅटरीवर गेला आणि स्पीड ४८ वरून १५ च्या खाली आला, तोही हेलकावे खात. बॅटरीवरच्या विजेला इन्व्हर्टर स्वतः घडवतो, आणि ती घडवताना पुष्कळ खरखर तयार होते. मामांचा इन्व्हर्टर जुना, चौकोनी लहरींचा आहे, त्यात ती आणखी जास्त.

अर्थिंगबद्दलही सांगायला हवं. एव्ही-२ प्रकारचे बरेच अडॅप्टर फेज, न्यूट्रल आणि अर्थ अशा तिन्ही तारा वापरतात, त्यामुळे त्यांचा वेग वाढतो. मामांच्या मागच्या खोलीतल्या सॉकेटला तीन भोकं होती, पण अर्थची तार जोडलेलीच नव्हती. वायरमननी ती त्याच दिवशी जोडून दिली. स्पीड फार वाढला नाही. पण आजीच्या खोलीत अर्थिंग नव्हतं हे त्या निमित्तानं कळलं, हे बरंच झालं.

मेश नोड: जागा चुकली की पैसे गेले

तिसऱ्या रविवारी मेशची जोडी आणली. मेश म्हणजे एकाच नावाचं वाय-फाय देणारी दोन किंवा जास्त यंत्रं. मुख्य यंत्र राउटरला केबलनं जोडायचं. नोड त्याच्याकडून हवेतून इंटरनेट घेतो आणि पुढे देतो.

इथं सर्रास होणारी चूक म्हणजे नोड टीव्हीशेजारी ठेवणं. जिथं सिग्नल नाही तिथं नोड ठेवावा, हे वरवर बरोबर वाटतं. पण जिथं टीव्हीला उणे ७९ मिळत होतं तिथं नोडलाही तेवढंच मिळणार. मग टीव्हीवर वाय-फायच्या सगळ्या दांड्या भरलेल्या दिसतील, कारण नोड हाताशी आहे, आणि मॅच मात्र तशीच अडकेल, कारण नोडकडेच द्यायला काही नाही. अर्ध्या वाटेवर हंडा भरायला माणूस उभा करायचा, तर त्याला पाणी मिळेल अशा जागी उभा करायला हवा.

दुसरं म्हणजे साधा दोन पट्ट्यांचा नोड एकाच रेडिओनं घेतो आणि त्याच रेडिओनं देतो. ऐकताना बोलता येत नाही, त्यामुळे वेग साधारण निम्मा होतो. तीन पट्ट्यांच्या मेशमध्ये एक पट्टी यंत्रांच्या आपसातल्या बोलण्यासाठी राखून ठेवता येते, पण ती महाग असते. त्यापेक्षा स्वस्त उपाय असा की नोड ते टीव्ही हा शेवटचा टप्पा केबलनं करायचा. मग नोडचा रेडिओ फक्त घेण्याचं काम करतो. म्हणून नोड विकत घेताना त्याला लॅनची जागा आहे ना, हे आधी पाहून घ्यावं.

मोबाइलवरचं ॲप हातात धरून मी घरभर फिरलो आणि मग लक्षात आलं की वाट तर घरात आधीपासून आहे: चौक. पुढच्या खोलीला चौकाकडे उघडणारी खिडकी आहे आणि माजघरालाही. दोन्ही लाकडी गजांच्या, समोरासमोर नसल्या तरी एकमेकींना दिसणाऱ्या. मध्ये सहा मीटर मोकळी हवा. राउटर आजवर रस्त्याकडच्या भिंतीला, लोखंडी कपाटाच्या वर बसला होता, म्हणून सिग्नल या वाटेनं जातच नव्हता.

फायबरची वायर नाजूक असते, तिला ओढून राउटर हलवण्याच्या फंदात पडलो नाही. राउटर तिथंच ठेवून पाच मीटर लॅन केबलनं मेशचं मुख्य यंत्र खिडकीच्या दगडी कोनाड्यात आणलं. नोड माजघराच्या खिडकीच्या आत, पावसाची झड येणार नाही अशा फळीवर ठेवला. तिथं सिग्नल मिळाला उणे ५४. नोडपासून टीव्हीपर्यंत नऊ मीटर केबल दाराच्या चौकटीवरून नेली, लाकडाला छोट्या क्लिपा मारून. दगडाला हात लावायला लागला नाही.

टीव्हीपाशी स्पीड आला ८१. दोनशे हाकांपैकी एकही हरवली नाही, उत्तरं ३ ते ८ मिलिसेकंदांत. मिक्सर लावून पाहिला, काही फरक नाही. माजघराची खिडकी बंद केली तेव्हा ७० च्या आसपास आला, लाकडाची झडप सिग्नलला फार अडवत नाही.

मेश लावताना एक सेटिंग नक्की बघा. इंटरनेटवाल्यांचा राउटर आणि मेश, दोघंही राउटरचंच काम करायला लागले तर घरात दोन वेगळी नेटवर्क तयार होतात. व्हिडिओ चालतो, पण जुन्या राउटरच्या वाय-फायवर असलेल्या मोबाइलला टीव्ही सापडत नाही, आणि मग फोनवरचे फोटो टीव्हीवर दाखवता येत नाहीत. मेशच्या ॲपमध्ये जाऊन त्याला `Access Point` या प्रकारावर ठेवलं की हे मिटतं. जुन्या राउटरचं वाय-फाय बंद करून टाकलं तर आणखी चांगलं, मोबाइल चुकीच्या यंत्राला चिकटून बसत नाही.

मग पॉवरलाइनचे अडॅप्टर?

ते शाहूपुरीत मावशीच्या बंगल्यात गेले, आणि तिथं ते मेशपेक्षा सरस ठरले. तिथं राउटर तळमजल्यावर आणि टीव्ही पहिल्या मजल्यावर विरुद्ध कोपऱ्यात. मध्ये काँक्रीटची स्लॅब, तिच्यात सळ्यांची जाळी. जिना घराबाहेरून, त्यामुळे सिग्नलला वर जायला आतून वाट नाही. मेशचा नोड मी तिथं मुद्दाम नेऊन पाहिला होता. वरच्या मजल्यावर कुठंही ठेवला तरी उणे ७२ च्या वर येत नव्हता. वायरिंग मात्र आठ वर्षांचं, तांब्याचं, सिंगल फेज, एकच मीटर, दोन्ही सॉकेटं डायरेक्ट लायनीवर आणि अर्थिंग पक्कं. अडॅप्टर लावल्याबरोबर ९२ एमबीपीएस आले, म्हणजे प्लॅनमधलं जवळजवळ सगळं. मिक्सर लावल्यावर ते ६० पर्यंत उतरतं, पण हाका हरवत नाहीत. लाइट गेल्यावर टीव्ही बंदच असतो, त्यामुळे इन्व्हर्टरचा प्रश्न येत नाही.

तिथं अडॅप्टर बसवताना दोन्हींवरचं `Pair` बटण दाबून त्यांची जोडी नव्यानं बांधून घेतली. आधी एकाचं दाबायचं आणि दोन मिनिटांच्या आत दुसऱ्याचं. हे केल्यावर त्यांच्यातलं बोलणं आपल्या घरापुरत्या किल्लीनं बंद होतं. अपार्टमेंटमध्ये राहणाऱ्यांनी हे टाळू नये, कारण सिग्नल थोडाफार मीटरपलीकडेही झिरपू शकतो आणि कारखान्यातून येताना सगळ्या अडॅप्टरना एकच नेहमीची किल्ली असू शकते.

खरेदी करताना दुकानदाराशी परत करण्याचं बोलून घ्या, विशेषतः पॉवरलाइनच्या बाबतीत. वायरिंग भिंतीच्या आत कसं गेलंय हे लावून बघितल्याशिवाय कुणालाच सांगता येत नाही. मेशचं तसं नाही. नोडची जागा आपण फुकटच्या ॲपवर आधी मोजू शकतो. राउटर आणि टीव्ही यांच्यामध्ये उणे ६५ च्या आतली एखादी जागा सापडली आणि तिथून टीव्हीपर्यंत केबल जाऊ शकली, तर नोड चालणार हे खरेदीआधीच कळतं. तशी जागा न मिळाल्यासच चार्जर घेऊन सॉकेटं तपासायला लागा.

मामांच्या घरी एक काम राहिलं होतं. मेश लावल्यानंतर पहिल्यांदा लाइट गेली तेव्हा टीव्ही इन्व्हर्टरवर चालू राहिला, पण इंटरनेट तीन मिनिटं गायब झालं. सगळी यंत्रं इन्व्हर्टरवर होती, तरीही. वीज बदलताना जो क्षणाचा खंड पडतो तेवढ्यात राउटर बंद होऊन पुन्हा सुरू होत होता. इन्व्हर्टरच्या मागे एक छोटा खटका असतो, त्यावर यूपीएस असं एका बाजूला लिहिलेलं असतं. तो त्या बाजूला केला की इन्व्हर्टर वीज लवकर बदलतो. मामांनी तो केला आणि मेन स्विच पाच वेळा बंद-चालू करून पाहिला. राउटरचे दिवे एकदाही विझले नाहीत.

चार दिवसांनी मामींचा फोन आला, टीव्ही परत बंद. रात्री झोपताना घरातली सगळी बटणं बंद करायची त्यांची जुनी सवय आहे, आणि माजघरातल्या नोडचं बटण त्यांना रिकाम्या सॉकेटचं वाटलं होतं. आता त्या बटणावर मामांच्या हातची चिठ्ठी चिकटवलेली आहे: “आईचा टीव्ही. बंद करू नये.”